चार-चार-दोन मैदानावर कसं ओळखायचं

चार-चार-दोन हे फुटबॉल टीमचं एक फॉर्मेशन, म्हणजे मैदानावरची मांडणी. मोजताना गोलकीपर सोडा. उरलेले दहा जण आपल्या गोलपासून पुढे मोजत जा: चार बचावात, चार मधल्या फळीत, दोन पुढे. झालं चार-चार-दोन. बहुतेक जण एवढंच सांगून थांबतात आणि नवा प्रेक्षक मॅच लावतो तेव्हा त्याला यातलं काहीच दिसत नाही.

माझंही कितीतरी महिने तेच झालं. मॅचआधी पडद्यावर खेळाडूंची मांडणी दाखवतात, ती मी मैदानावर शोधत बसायचो. डोळे बॉलवर आणि समोर नुसती धावपळ. चूक एवढीच होती, की ज्या टीमकडे बॉल आहे तिचा आकार मी बघत होतो. बॉल मिळाला की आकार मोडणारच. बचावातले कडेचे दोघं, म्हणजे फुलबॅक, कडेनं वर चढतात; मधल्या फळीतले कडेचे दोघं, म्हणजे विंगर, आत घुसतात. म्हणून फॉर्मेशन बघायचं ते बॉल नसताना. समोरच्या टीमचे सेंटर बॅक, म्हणजे बचावातले मधले खेळाडू, मागे निवांत पास देत असतील, तेव्हा बॉल सोडा आणि आपल्या टीमची मागची ओळ मोजा. मग तिच्या पुढची. कॅमेऱ्यात सगळे मावत नसतील तर पुढच्या गोलकिकची वाट बघा, तेव्हा चित्र मोकळं दिसतं.

सरावासाठी 2015-16 ची इंग्लंडमधली लेस्टर सिटी घ्या. कोच रानिएरींच्या या टीमनं प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, जिंकली. नेहमीची मांडणी अशी: मागे सिम्पसन, मॉर्गन, हूथ, फुक्स; मध्ये महरेझ, ड्रिंकवॉटर, कांते, ऑलब्राइटन; पुढे ओकाझाकी आणि वार्डी. मोजायला लागलात की ओकाझाकी पुढे सापडणार नाही. बॉल गेला की तो खाली येऊन समोरच्या मिडफिल्डरला चिकटतो. म्हणजे चार-चार-एक-एक. इथं आपण चुकलो असं समजू नका, तो मुद्दाम येतो.

कारण चार-चार-दोनची खरी दुखरी जागा मधोमध आहे. तिथं दोघंच. समोर चार-तीन-तीन असेल तर तिघं, म्हणजे एक जण कायम मोकळा. समोरचा खेळाडू तुमच्या दोन ओळींच्या मधे बॉल घेऊन सहज वळतोय, असं दोन-तीनदा दिसलं की समजा, मध्य फुटलाय. लेस्टरला ते परवडलं, कारण कांते एकटा बरीच जागा भरून काढायचा आणि ओकाझाकी मागे यायचा. दोन्ही ओळी जवळजवळ ठेवून ते मधली जागाच आवळायचे आणि बॉल हिसकावला की लगेच बचावामागे, धावणाऱ्या वार्डीकडे लांब पास.

चार-चार-दोन म्हणजे आक्रमक फॉर्मेशन, असं कुणी सांगितलं तर अजिबात मानू नका. लेस्टर बराच वेळ बॉल समोरच्यांकडे सोडून मागे थांबायची.

खेळाडू बदलले की पुन्हा मोजा.