घर सांभाळणाऱ्या बायकोचा हातखर्च कसा ठरवावा, आणि पैशाचे निर्णय दोघांनी कसे घ्यावेत

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. बायकोचं माहेर चंदगड तालुक्यात. लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली अकरा वर्षं पगार माझ्या खात्यावर, एटीएम कार्ड माझ्या खिशात, आणि तिनं मागितले की मी पैसे द्यायचे, अशीच पद्धत होती. मी कधी नाही म्हटलं नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं मला वाटायचं. मग भाच्याच्या बारशाला गेलो, तेव्हा बाळाच्या हातात ठेवायला तिनं आपल्या भावासमोर मला हळूच शंभर रुपये मागितले. तिचा तो आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यानंतर आम्ही जी घडी बसवली, ती इथं क्रमानं सांगतो.

आधी नवऱ्यानं स्वतःचा खर्च लिहावा

बहुतेक घरांत बायकोला किती द्यायचं इथून सुरुवात होते आणि तिथंच गाडी अडते, कारण कोणताही आकडा नवऱ्याला मोठाच वाटतो. म्हणून महिनाभर नवऱ्यानं फक्त आपला खर्च वहीत मांडावा. घर, पोरं, पेट्रोल यातलं काही नको. गेटवरचा चहा-नाश्ता, दोस्तांबरोबरचं जेवण, मंडळाची वर्गणी, स्वतःचा रिचार्ज, इतकंच. माझी बेरीज ३,८०० रुपये आली. हे पैसे मी कुणाला विचारून खर्च करत नव्हतो, त्याचा हिशोबही देत नव्हतो. म्हणजे घरात हातखर्च होताच, फक्त तो एकट्यालाच होता.

मग उरलेल्याचे दोन समान भाग

माझ्या हातात ३८,००० रुपये येतात. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ७,५००. दोन पोरांची फी आणि व्हॅन ४,०००. किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून ११,०००. आईची औषधं १,५००, पेट्रोल २,०००, फोन आणि बारीकसारीक बिलं १,०००. लग्नकार्य, यात्रा आणि पाहुण्यांसाठी दरमहा २,००० बाजूला ठेवतो. आरडी आणि विमा ५,०००. याची बेरीज ३४,००० होते आणि ४,००० उरतात. त्यातले २,००० तिचे, २,००० माझे.

मला ३,८०० वरून २,००० वर यायचं होतं, आणि ते जड गेलं. पहिल्या महिन्यात माझे पैसे वीस तारखेलाच संपले. पण माझा वाटा मोठा ठेवून तिला पाचशे दिले असते, तर पूर्वीचीच पद्धत नाव बदलून चालू राहिली असती. घरात काही उरतच नसेल, तरी निदान तीनशे-तीनशे ठरवावेत. रक्कम लहान असली तरी चालेल, पण दोघांची सारखी हवी.

यात काय धरायचं नाही, ते आधीच बोलून घ्यावं, कारण भांडण इथंच होतं. तिची औषधं, सॅनिटरी पॅड, घरात नेसायच्या साड्या, चष्मा हा घरखर्च. माहेरी जाण्यायेण्याचा खर्चही घरखर्चच, कारण मी माझ्या बहिणीकडे जातो तेव्हा तो घरखर्चातूनच जातो. हातखर्च म्हणजे ज्याचं कारण सांगावं लागत नाही तो पैसा. तिनं भिशीत घालावा, बांगड्या घ्याव्यात, भाच्याच्या हातात ठेवावा, नाहीतर नुसता साठवावा.

गृहलक्ष्मीचे पैसे यात मोजू नयेत

ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकार गृहलक्ष्मी योजनेतून महिन्याला २,००० रुपये देतं, म्हणून बरेच नवरे म्हणतात की तिला सरकार देतंय ना, मग मी कशाला द्यायचं. दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, हे पैसे रेशनकार्डावर जी यजमानीण आहे तिलाच येतात, आणि एका कार्डावर एकच. आमच्या कार्डावर आई आहे. एकत्र कुटुंबात सूनबाईच्या खात्यावर त्यातला रुपयाही येत नाही. दुसरं, हप्ते दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही, कधी लांबतात आणि मग एकदम जमा होतात. ते पैसे बायकोला येत असले, तरी तिच्या हातखर्चातून वजा करू नयेत. तिनं मनानं घरात घातले, तर वहीत तिच्या नावानं जमा मांडावेत.

तिच्या खात्यात, तिच्या नंबरवर

रोख देऊ नये. रोख दिली की देण्याचा क्षण दर महिन्याला येतो, आणि त्या दिवशी भांडण झालेलं असलं तर देणं लांबतं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जाईल अशी स्थायी सूचना बँकेत देऊन ठेवावी.

आता खातं तपासा. बायकोच्या खात्याला बऱ्याचदा नवऱ्याचाच मोबाईल नंबर जोडलेला असतो, आमच्याकडेही तसंच होतं. मग प्रत्येक मेसेज आणि ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो, आणि ती यूपीआयही स्वतः चालू करू शकत नाही. शाखेत जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्यावा. तिचं खातं लग्नाआधीचं, माहेरच्या शाखेतलं असेल, तर त्याच बँकेच्या इकडच्या शाखेत बदलून घेता येतं.

घरखर्चासाठी वेगळं जोडखातं काढलं तर उत्तम. १० जुलै २०२४ च्या पोटगीसंबंधीच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी गृहिणीला जोडखातं आणि एटीएम कार्ड देण्याची गरज स्पष्ट बोलून दाखवली होती. पण जोडखात्याच्या फॉर्मवर एक ओळ नीट बघावी. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर पहिलं नाव ज्याचं, तोच हयात असेपर्यंत खातं चालवतो. पहिलं नाव नवऱ्याचं असलं तर दुसऱ्या प्रकारात बायकोचं नाव फक्त पासबुकावर राहतं.

बिघाड कसा ओळखावा

पहिल्या दोन महिन्यांत तिच्या पैशांतून काय आलं ते बघा. तिला विचारू नका, घरात नजर टाका. आमच्याकडे पोरांच्या वह्या, पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा, संपलेलं तेल, सगळं तिच्या दोन हजारांतून आलेलं होतं. याचा अर्थ तिला स्वतःवर खर्च करता येत नाही असा नव्हता. ११,००० मध्ये घर भागत नाही, असा होता. आम्ही तो आकडा १२,००० केला आणि आरडी हजारानं कमी केली. हातखर्चाला हात लावला नाही.

दुसरी खूण म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यातही ‘हे घेऊ का?’ असा प्रश्न येत असेल, तर कुठंतरी आपण हिशोब मागतोय. मी तोंडानं मागत नव्हतो, पण नवीन वस्तू दिसली की ‘किती पडली?’ म्हणायचो. तो प्रश्न मला सोडावा लागला. सासूबाईही विचारतात. माझ्या आईला मीच सांगितलं की ते तिचे पैसे आहेत, माझ्या पैशांचं मला विचारत नाहीस तसं तिलाही विचारायचं नाही. हे सांगणं नवऱ्याचं काम आहे, सुनेवर ढकलू नये.

उसावर घर चालत असेल तर महिन्याचा हिशोब बसत नाही. बिल हप्त्यानं आणि उशिरा येतं. अशा घरात पहिलं बिल जमा झालं की वर्षाचा दोघांचा हातखर्च एकदम काढावा आणि तिचा तिच्या खात्यावर टाकावा.

निर्णयात बरोबरी

हातखर्च सोपा, पण निर्णयातली बरोबरी अवघड, आणि आमच्या सीमाभागात तिला एक जादा अडथळा आहे. चंदगड, आजरा, गडहिंग्लजहून इकडं आलेल्या मुली मराठी शाळेत शिकलेल्या. इथं जमिनीच्या पहाणीचा उतारा कन्नडमध्ये, सोसायटीचे कितीतरी कागद कन्नडमध्ये. ‘तुला काय कळणार’ म्हणून कागद तिच्या पुढून निघून जातो आणि शेवटी ती फक्त सही करते. म्हणून आमचा नियम असा की जो कागद तिला वाचता येत नाही, तो तिच्यासमोर ओळीनं मराठीत सांगितल्याशिवाय कुणीच सही करायची नाही. माझी मुलगी शाळेत कन्नड शिकते, ती वाचते. मला जे शब्द अडतात ते शेजारच्या निवृत्त गुरुजींना विचारतो.

पगारानंतरच्या पहिल्या रविवारी, जेवणं झाली की अर्धा तास बसतो. पासबुकं, विम्याचे कागद, कर्जाचं पुस्तक एकाच पिशवीत असतं आणि ती पिशवी कुठं आहे हे दोघांनाही माहीत असतं. ३,००० च्या वरच्या कुठल्याही खर्चाला दोघांचा होकार लागतो. एकानं नाही म्हटलं की खरेदी थांबते आणि पुढच्या रविवारी परत बोलतो. कमावणारा मी आहे म्हणून माझं मत जड, असं धरत नाही. एक गोष्ट रकमेच्या बाहेर ठेवली आहे. तिचे दागिने गहाण टाकायचे की नाही, हे एकटी ती ठरवते. स्त्रीधन तिचंच, नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलं आहे.

आणि जामीन. सोसायटीच्या कर्जाला जामीनदार लागतो, आणि आमच्याकडे दोस्ताला नाही म्हणणं वाईट दिसतं. मी पूर्वी दोनदा घरात न सांगता सही केली होती. एका कर्जदारानं हप्ते थकवले, आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाल्यावर बायकोला कळलं. आता जामीन कितीही लहान असला तरी दोघांचा होकार लागतो.

मागच्या दिवाळीआधी एका सहकाऱ्यानं तीन लाखांच्या कर्जाला सही मागितली. मी ‘घरात बोलून सांगतो’ म्हटलं. रविवारी कागद पुढं ठेवला आणि मुलीनं वाचला. बायकोनं तीन गोष्टी विचारल्या. दुसरा जामीनदार कोण, त्याचं आधीचं कर्ज किती, आणि हप्ता थकला तर आपल्या पगारातून किती जाईल. पहिल्या दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सोमवारी चहाच्या सुट्टीत त्याला विचारलं, तेव्हा आधीचं दीड लाखाचं कर्ज निघालं. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून सही करायची नाही असं ठरवलं, आणि त्याला ते सांगायला मी एकटा गेलो नाही. ती माझ्याबरोबर त्याच्या घरी आली आणि त्याच्या बायकोजवळ बसली.