आजीच्या फोनवर शोधच बंद ठेवा

दुपारी आजीचा डोळा लागतो आणि नात फोन घेऊन बसते. म्हापशात आमच्याकडे रोज हेच. म्हणून आजीच्या फोनवर यूट्यूब किड्समध्ये नातीचं प्रोफाइल उघडून ‘पालकांनी मंजूर केलेलंच दिसेल’ ही सेटिंग निवडली. यात शोधच बंद होतो, हे मला सर्वात मोलाचं वाटतं. फक्त वयोगट निवडला तर निवड यंत्राकडेच राहते आणि नको ते कधीतरी निसटतंच.

पूर्ण चॅनल मंजूर केलं की त्याचे पुढचे नवे व्हिडिओही आपोआप येतात. म्हणून अनोळखी चॅनलचे एकेक व्हिडिओच घ्या. पासकोड स्वतःचा ठेवा, नाहीतर ॲप सेटिंग उघडताना नुसता गुणाकार विचारतं आणि पाढे येणारं पोर तो सोडवून आत शिरतं. साधं यूट्यूबही बंद करा.