इम्प्रॉपर इंटिग्रल अभिसारी की अपसारी? तुलनेने कसे ठरवावे

∫₀² dx/(x−1)² हे गणित वर्गात दिलं की निम्मी मुलं सरळ −1/(x−1) मध्ये मर्यादा घालतात आणि उत्तर काढतात −2. फलन सगळीकडे धन, मग क्षेत्रफळ ऋण कसं? x = 1 ला छेद शून्य होतो, हे पाहायचंच राहिलेलं असतं.

म्हणून पहिलं काम अडचणीच्या जागा शोधण्याचं. हे उदाहरण घेऊ:

∫₀^∞ dx / ((1+x)√|x−1|)

इथे दोन जागा आहेत: x = 1 आणि अनंत. आता तुकडे असे पाडा की प्रत्येकात एकच अडचण राहील, आणि तीही टोकाला: 0 ते 1, 1 ते 2 आणि 2 ते ∞. शेवटच्या तुकड्याची सुरुवात 2 पासूनच का, ते पुढे कळेल.

तुलना कशाशी करायची? 1/x^p शी. अनंताकडे p > 1 असेल तरच इंटिग्रल अभिसारी. बिंदूजवळ, म्हणजे 1/|x−a|^p साठी, उलट: p < 1 हवा. p = 1 दोन्हीकडे नापास. घोळ होतो तो या उलटापालटीत.

x = 1 च्या आसपास (1+x) निरुपद्रवी आहे. 0 ते 2 मध्ये तो निदान 1 आहेच, म्हणून फलन ≤ 1/√|x−1|. इथे p = ½; दोन्ही बाजूंचं इंटिग्रल प्रत्येकी 2 येतं.

हीच तुलना अनंतापर्यंत ताणली तर 1/√(x−1) अपसारी निघतं. पण त्यावरून आपलं इंटिग्रल अपसारी ठरत नाही. मोठ्या फलनाचं इंटिग्रल अनंत असलं तर त्याच्या खालच्या फलनाबद्दल काहीच कळत नाही. तुलना बदलायची, एवढंच. x ≥ 2 असताना x−1 ≥ x/2 (म्हणून 2!), आणि 1+x > x. त्यामुळे फलन ≤ √2/x^(3/2), ज्याचं 2 ते ∞ इंटिग्रल 2 आहे. तिन्ही तुकडे सांत, म्हणजे इंटिग्रल अभिसारी, आणि किंमत 6 पेक्षा जास्त नाही.

आता वर्गमूळ काढून टाका, छेदात (1+x)|x−1| ठेवा. अनंताकडे तर फलन आणखी झपाट्याने लहान होतं. पण 1 ते 2 मध्ये 1+x ≤ 3, म्हणून फलन ≥ 1/(3(x−1)), आणि ते अपसारी. एक तुकडा गेला की सगळंच गेलं. |x−1| ऐवजी नुसतं (x−1) घेऊन ‘डावीकडचं −∞ आणि उजवीकडचं +∞ कटलं’ असं म्हणणंही चालत नाही. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सांत हव्यात.

ही तुलना धन फलनांसाठीच आहे. चिन्ह बदलत असेल तर |f| तपासा. ते अभिसारी असेल तर f सुद्धा अभिसारी. उलट मात्र खरं नाही: sin x / x चं 0 ते ∞ इंटिग्रल π/2 येतं, पण |sin x| / x चं अपसारी आहे.