चौदा तासांचा प्रवास आणि पाळीचा दुसरा दिवस

मागच्या वेळी घाणेरडं टॉयलेट टाळायला मी पाणीच प्यायले नाही आणि एकच पॅड दहा तास ठेवलं. जांघा सोलवटल्या, शिवाय दोन दिवसांनी लघवीला जळजळ आणि सारखी घाई. डॉक्टरांनी लघवी तपासली, तर संसर्ग निघाला. लघवी तुंबवून ठेवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो, हे तेव्हा कळलं.

यंदा मेन्स्ट्रुअल कप वापरला. तो जास्तीत जास्त बारा तास चालतो, पण जास्त स्राव असेल तर आधीच भरतो, म्हणून मी सहाव्या तासाला रिकामा केला. आधी बाटलीतल्या पाण्याने आणि साबणाने हात धुतले. हे मात्र चुकवू नका, कारण बोटं आत जातात. धुवायला पाणी कमी होतं, तेव्हा कप स्वच्छ टिश्यूने पुसून परत बसवला आणि मुक्कामी पोचल्यावर नीट धुतला. घरी दोन पाळ्या सराव केला होता, म्हणूनच हे जमलं.

पॅडच वापरणार असाल तर चार ते सहा तासांनी बदला, ओलं लागलं तर लगेच. टॅम्पॉन आठ तासांपलीकडे नको. कप किंवा टॅम्पॉन असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ आलं तर तो लगेच काढा आणि थेट दवाखाना गाठा.