रागाचा मेल, आणि त्यातून निघालेला पाठवण्याजोगा मेल

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास मला एक मसुदा वाचायला दिला. तिमाही अहवाल तिच्याकडे होता, विक्रीचे आकडे दुसऱ्या विभागातले एक सहकारी देणार होते, आणि शुक्रवारी सकाळी ११ वाजता तो अहवाल क्लायंटसमोर ठेवायचा होता. मसुदा असा होता:

"परत तेच! बुधवारपर्यंत आकडे देतो म्हणाला होतात, आज गुरुवार दुपार झाली तरी पत्ता नाही. दरवेळी तुमच्यामुळे आम्हीच रात्री जागायचं का? आमच्या कामाची तुम्हाला किंमतच नाही. आता तरी आपण कृपया मनावर घ्याल का? मॅनेजरांना सीसीमध्ये ठेवत आहे."

राग रास्त होता. पण मसुदा पुन्हा वाचून बघा: आकडे कधीपर्यंत हवेत हे त्यात कुठेच नाही. कुठले आकडे, तेही नाही. समोरच्याने हा मेल वाचून नेमकं काय करायचं? फार तर स्वतःचा बचाव. रागाच्या मेलमध्ये मागणीच राहून जाते, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात ती इतकी पक्की असते की लिहायचं सुचतच नाही.

शब्दांना हात लावण्याआधी मी तिला दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. पहिली, ठरलं नेमकं काय होतं. जुना मेल काढला तर त्यात सहकाऱ्यांचं वाक्य होतं, "बुधवारपर्यंत पाठवायचा प्रयत्न करतो." वेळ नाही, आणि "प्रयत्न करतो" हा काही होकार नव्हे. म्हणजे "देतो म्हणाला होतात" हे लिहिलं असतं तर त्यांनी तोच मेल पुढे केला असता आणि मूळ विषय बाजूला राहिला असता. दुसरी गोष्ट, आकडे खरंच आलेले नाहीत का. सामायिक फोल्डर उघडला तर एप्रिल आणि मे तिथे होते. अडला होता फक्त जून. मेल तसाच गेला असता तर "फोल्डर बघितलात का?" एवढं एका ओळीचं उत्तर येऊन ती तोंडावर पडली असती.

मग वाक्यं चाळायला घेतली. "पत्ता नाही" ही घटना आहे, ती ठेवायची, फक्त नेमकी करून. "किंमतच नाही" हा दुसऱ्याच्या मनाविषयीचा अंदाज; तो खरा असला तरी सिद्ध करता येत नाही, तेव्हा गेला. "परत" आणि "दरवेळी" हे या मेलचे विषयच नाहीत. मागच्या तिमाहीत उशीर झाला असेलही, पण त्याची चर्चा आकडे हातात आल्यावर. "आपण कृपया" पण काढलं. एरवी "तुम्ही" म्हणणारा माणूस एकदम "आपण कृपया"वर आला की टोमणा लगेच कळतो. वरवरच्या सभ्यतेतला राग उघड रागापेक्षा जास्त झोंबतो, असा माझा अनुभव आहे.

सीसीही काढला. आठवण करून देणाऱ्या पहिल्याच मेलमध्ये वरिष्ठांना घेतलं की समोरचा माणूस आपल्याला उत्तर न देता मॅनेजरांसाठी उत्तर लिहायला लागतो. ते उत्तर लांबलचक असतं, आणि त्यात आकडे नसतात.

यानंतरचा तिचा दुसरा मसुदा थेट दुसऱ्या टोकाला गेला. "सॉरी, तुम्हाला त्रास देतेय. तुम्ही खूप बिझी असाल याची कल्पना आहे. वेळ मिळेल तसे जूनचे आकडे पाठवाल का? घाई नाही." घाई नाही? उद्या सकाळी प्रेझेंटेशन! नवीन लोकांना मुत्सद्दी भाषा म्हणजे हीच असं वाटतं. असा मेल वाचणारा मनात म्हणतो, चला, उद्या बघू, आणि त्यात त्याची चूक काहीच नसते. सूर मऊ ठेवा, वेळ मात्र मऊ करू नका.

शेवटी गेलेला मेल असा:

"विषय: जूनचे विक्रीचे आकडे, आज ५ वाजेपर्यंत

नमस्कार,

एप्रिल आणि मेचे आकडे फोल्डरमध्ये मिळाले, ते अहवालात घेतले आहेत. जूनचे बुधवारपर्यंत अपेक्षित होते, ते मला अजून दिसत नाहीत.

अहवाल उद्या सकाळी ११ वाजता क्लायंटसमोर आहे आणि आकडे आल्यावर तक्ते करायला मला साधारण तीन तास लागतात. म्हणून आज ५ वाजेपर्यंत आकडे हवे आहेत.

तपासलेले आकडे तोवर होत नसतील तर कच्चे पाठवा, मी तिथे 'अंतरिम' असं लिहीन. तेही जमणार नसेल तर ४ पर्यंत कळवा, म्हणजे जूनशिवाय मांडणी कशी करायची ते ठरवता येईल.

कुठे अडलं असेल तर सांगा, मी फोन करते."

जे मिळालं ते पहिल्या वाक्यात सांगितलं आहे. ही खुशामत नव्हे, हिशेब आहे. आपण फोल्डर बघितलाय हेही त्यातून कळतं. "तुम्ही पाठवले नाहीत"ऐवजी "मला दिसत नाहीत" लिहिलं, कारण फाइल चुकून दुसरीकडे ठेवली गेली असेल तर त्यांना मान खाली न घालता ती सापडवता येते. मात्र हे "दिसत नाही" खरोखर शोधल्यावरच लिहावं.

तीन तासांचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसतं "५ पर्यंत द्या" हा हुकूम वाटतो, त्यामागचा हिशेब दिला की वेळ पटते. काही जण धाक म्हणून खोटी, अलीकडची वेळ देतात. ते एकदा उघड झालं की पुढच्या प्रत्येक तारखेत लोक मनातल्या मनात एक दिवस वाढवून घेतात. आणि "उशीर का झाला?" हे मुद्दाम विचारलेलं नाही. या घडीला कारण कळून तक्ता भरत नाही, उलट कारण लिहिण्यात त्यांचा अर्धा तास जातो.

"नाही जमणार" कळवायची वेळ ५ च्या आधीची ठेवली आहे, हेही बघा. ५ वाजता नकार आला तर हातात काही उरत नाही.

उत्तर पावणेचारला आलं. पाचपैकी एका शाखेचे जूनचे आकडे त्यांच्याकडेच आले नव्हते, म्हणून ते पूर्ण संचासाठी थांबले होते. चार शाखांचे आकडे लगेच मिळाले, पाचवीच्या रकान्यात "अंतरिम, एक शाखा बाकी" असं गेलं.

४ पर्यंत काहीच आलं नसतं तर आधी फोन, आणि फोनही लागला नाही तर दुसरा छोटा मेल: "जूनशिवाय अहवाल द्यायचा का, हे आता मॅनेजरांना विचारावं लागेल, म्हणून त्यांना सीसीमध्ये घेत आहे." इथे सीसी योग्य आहे, कारण निर्णय खरोखर मॅनेजरांचा आहे आणि त्यांना सीसीमध्ये का घेतलं ते उघड सांगितलं आहे.

उशिराची सवय मात्र अशा मेलने सुटत नाही. त्यासाठी पुढच्या आठवड्यात ती त्यांच्यासमोर बसून बोलली. पुढच्या तिमाहीसाठी तारखेसोबत वेळ ठरली, आणि एखादी शाखा अडली तर पूर्ण संचासाठी न थांबता आदल्या दिवशी जे असेल ते पाठवायचं, हेही. बोलणं झाल्यावर तिने ते दोन ओळींत मेलवर टाकलं आणि "बरोबर ना?" विचारलं. त्यांचं "हो" आलं.