तिमाही विक्री आढाव्याची मुख्य स्लाइड: टक्के आणि रुपये शेजारी शेजारी

प्रादेशिक व्यवस्थापकाने मुख्य स्लाइडवर फक्त टक्केवारी दाखवली, तर चर्चा हमखास चुकीच्या जिल्ह्याभोवती फिरते. समजा, पुण्याचे उद्दिष्ट २४० लाख व विक्री २१६ लाख, सोलापूरचे ४० व ३०, आणि कोल्हापूरचे १२० व १२९ लाख आहे. टक्केवारीत सोलापूर ७५ वर असल्याने तेच सर्वांत मागे दिसते, पण तिथली तूट १० लाखांची आहे आणि ९० टक्के गाठलेल्या पुण्याची २४ लाखांची. म्हणून उद्दिष्ट, प्रत्यक्ष, रुपयांतील फरक आणि टक्के असे चार स्तंभ ठेवून ओळी तुटीच्या उतरत्या क्रमाने लावाव्यात.

एकूण ओळीत टक्क्यांची सरासरी कधीही काढू नये. ती इथे सुमारे ९०.८ येते, तर ४०० लाखांपैकी ३७५ लाख म्हणजे खरी पूर्तता ९३.७५ टक्के आहे.

शीर्षकात ‘तिसरी तिमाही विक्री’ एवढेच न लिहिता ‘२५ लाखांची निव्वळ तूट, प्रामुख्याने पुण्यात’ असा निष्कर्षच लिहावा.

गेल्या वर्षाशी तुलना करताना दिवाळीची तारीख तळटीपेत द्यावी. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होते आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे विक्रेत्यांनी सणासाठी भरलेल्या मालाची काही बिले सप्टेंबरमध्ये, म्हणजे आधीच्याच तिमाहीत, निघालेली असू शकतात. अशा वेळी सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांची एकत्रित बेरीज दोन्ही वर्षांसाठी शेजारी दाखवली, की घट मागणीतली आहे की केवळ तारखेची, हे बऱ्याच अंशी कळते.