९७ सहगुणक, ७८ नोंदी: गोव्याच्या मासिक आकड्यांवर बेझियन व्हीएआर

गोव्याच्या अर्थव्यवस्थेवर मासिक व्हीएआर, म्हणजे प्रत्येक चल सगळ्याच चलांच्या मागच्या मूल्यांवरून सांगणारं मॉडेल, बांधायला घेणारे विद्यार्थी बहुतेक वेळा एकाच यादीने सुरुवात करतात: जीएसटी वसुली, पर्यटकसंख्या, विमानप्रवासी, मुरगाव बंदरातली मालवाहतूक, वीजवापर, वाहन नोंदणी, बँक कर्जे आणि महागाई. यादी चांगली आहे. पण जीएसटी लागू झाला जुलै २०१७ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२४ पर्यंत हाती ९० महिने. वर्षाचं चक्र पकडायला १२ लॅग, म्हणजे प्रत्येक चलाची मागच्या १२ महिन्यांची मूल्यं, घेतले की पहिले १२ महिने खर्ची पडतात आणि ७८ नोंदी उरतात. प्रत्येक समीकरणात मात्र ८ × १२ आणि एक स्थिरांक, असे ९७ सहगुणक. साध्या लघुतम वर्ग पद्धतीने हे सुटतच नाही.

इथे श्रिंकेज प्रायर, म्हणजे सहगुणकांना आधीच ठरवलेल्या मूल्यांकडे ओढणारा पूर्वअंदाज, उपयोगी पडतो. डोन, लिटरमन आणि सिम्स यांच्या १९८४ च्या कामातून रूढ झालेला मिनेसोटा प्रायर सांगतो, की पुरावा नसेल तोवर प्रत्येक चल रँडम वॉक माना: स्वतःच्या पहिल्या लॅगचा सहगुणक १, बाकी सगळे ०. या अंदाजापासून किती हलायला मुभा द्यायची ते λ ठरवतो. λ शून्याकडे गेला की आकड्यांचं काहीच ऐकलं जात नाही. फार वाढला की आपण पुन्हा लघुतम वर्गाच्या अडचणीत. चल वाढवाल तसा λ घट्ट हवा, हे बानबुरा, जियानोने आणि राइशलिन यांनी २०१० मध्ये दाखवलं. तो हाताने ठरवण्यापेक्षा आकड्यांवरून काढलेला बरा. आर मधलं BVAR पॅकेज ते करतं:

```r
library(BVAR)
mn <- bv_minnesota(
  lambda = bv_lambda(mode = 0.2),
  alpha = bv_alpha(mode = 2), b = 1)
fit <- bvar(Y, lags = 12,
  priors = bv_priors(mn = mn))
```

`b = 1` हे लॉग पातळीसाठी. वाढीचे दर वापरणार असाल तर ते ० करा; नाहीतर मॉडेल गेल्या महिन्याची वाढ पुढेही तशीच चालू राहील असं धरून बसतं.

आता खरी मेख. माझ्याकडे प्रकल्पाला आलेल्या डिचोलीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, बारा लॅग दिलेत, तरी जूनचा अंदाज खाली का येत नाही? पावसाळ्यात पर्यटक कमी होतात हे मॉडेलला दिसत नाही का?" दिसत नाही, कारण प्रायर ते दिसू देत नाही. वरच्या मांडणीत स्वतःच्या लॅगचं प्रमाण विचलन λ भागिले लॅग क्रमांक इतकं असतं. λ ०.२ असेल तर पहिल्या लॅगला ०.२, चौथ्याला ०.०५ आणि बाराव्याला जेमतेम ०.०१७. हंगामी मालिकेत बाराव्या लॅगचा सहगुणक ०.५ असणं काही विशेष नाही, पण प्रायरच्या नजरेत तो शून्यापासून तीस प्रमाण विचलनं दूर. अठ्ठ्याहत्तर नोंदींच्या पुराव्याने तिथवर पोचता येत नाही.

हे ओळखायची खूण सोपी आहे. अवशेषांचा एसीएफ, म्हणजे स्वतःच्याच मागच्या मूल्यांशी असलेला सहसंबंध, काढा. बाराव्या लॅगला उंच काठी उभी असेल तर हंगाम मॉडेलबाहेर राहिलाय. कधीकधी λ स्वतःच फुगतो, कारण हंगाम पकडण्यासाठी आकडे सगळीच लगाम सैल करायला लावतात, आणि मग इतर चलांचे सहगुणकही गोंगाटाने भरतात. यावर माझं मत ठाम आहे: हंगामाचं काम प्रायरवर टाकू नका. मालिका आधी हंगामी समायोजित करा, मग चार-पाच लॅगही पुरतात. पूर्वानुमान तपासताना समायोजन प्रत्येक टप्प्यावर तोवरच्याच आकड्यांवर पुन्हा करा. पूर्ण मालिकेवर एकदाच केलंत तर भविष्यातली माहिती मागे झिरपते.

विमानप्रवाशांबाबत दोन गोष्टी. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाल्याने दाबोळीचे आकडे एकटे घेऊ नका, दोन्हींची बेरीज घ्या. दुसरी जास्त नाजूक आहे. २०२० मध्ये २५ मार्च ते २४ मे देशांतर्गत नियमित उड्डाणं बंद होती. चल i च्या समीकरणात प्रायर दुसऱ्या चल j च्या सहगुणकाला σ_i/σ_j या प्रमाणात मोकळीक देतो, आणि हा σ त्या चलाच्या फक्त स्वतःच्या लॅगवर बसवलेल्या एआर मॉडेलच्या अवशेषांवरून काढला जातो. त्या दोन महिन्यांनी प्रवाशांचा σ फुगतो, त्यामुळे जीएसटीच्या समीकरणात प्रवाशांचा सहगुणक जवळजवळ शून्यावर दाबला जातो. मग "विमानप्रवासाचा वसुलीवर परिणाम नाही" असा निष्कर्ष अहवालात जातो, जो आकड्यांनी काढलेलाच नसतो. फेब्रुवारी २०२० पर्यंतच्या आकड्यांवरून σ काढून `bv_psi` मधून द्या आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवा. सहगुणक बराच बदलला, तर आधीचा निष्कर्ष टाळेबंदीचा होता.